नियमाप्रमाणे केलं, तरी झोप येत नाही

सरकारी रुग्णालयातला एक निवासी डॉक्टर सलग ड्युट्या संपवून गावी जातो. आठ दिवस भरपूर झोपतो, आईच्या हातचं जेवतो, चेहऱ्यावर तजेला येतो. परत कामावर येतो, तेव्हा वॉर्डाच्या दाराशीच त्याचे पाय जड होतात. रेशन दुकानात बसणारा माणूस अंगठ्याचा ठसा जुळला नाही म्हणून ओळखीच्या म्हातारीला रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवतो. त्यानं नियम मोडलेला नसतो, वरून कोणी रागावलेलं नसतं, तरी घरी आल्यावर तो कोणाशी बोलत नाही. युद्धावरून धडधाकट परतलेला सैनिक मिळालेलं पदक कोणालाच दाखवत नाही.

शीण विश्रांतीनं जातो. धोका टळला की भीतीही हळूहळू ओसरते. या तिघांना जे झालं आहे ते विश्रांतीनं जात नाही आणि सुरक्षित जागी येऊनही जात नाही. मग ते आहे तरी काय?

मानसशास्त्रात याला ‘मॉरल इंज्युरी’ म्हणतात. मराठीत आपण नैतिक इजा म्हणू. जे चूक आहे असं आपल्याला मनापासून वाटतं तेच आपल्या हातून घडलं, किंवा घडत असताना आपण ते थांबवू शकलो नाही, तर त्यातून होणारी ही इजा आहे. युद्धात ती पहिल्यांदा नीट ओळखली गेली, पण आज ती सगळ्यात जास्त कुठे दडलेली असेल तर ती टेबल-खुर्चीच्या कामात, असं मला वाटतं. म्हणून सैनिक आणि डॉक्टर यांच्याकडून सुरुवात करून आपण एका कार्यालयात जाणार आहोत.

बोस्टनमधले सैनिक

जोनाथन शे हे अमेरिकेतल्या बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर ते माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात उपचार करत. युद्धानंतरच्या मानसिक त्रासासाठी ‘पीटीएसडी’ हे निदान 1980 मध्ये अधिकृत झालं होतं, आणि त्याच्या मध्यभागी होती भीती. जीव जाण्याच्या बेतात असताना शरीरानं घेतलेला सावधपणा धोका संपल्यावरही सुटत नाही. फटाका वाजला तरी माणूस जमिनीवर झोपतो.

शे यांच्यासमोर बसलेले सैनिक मात्र भीतीबद्दल फारसं बोलत नव्हते. एकानं रात्रीच्या एका हल्ल्याची हकीकत सांगितली. किनाऱ्यावर बोटींतून शत्रू शस्त्रं उतरवत आहे अशी खबर होती. तुकडीनं अंधारात बेछूट गोळीबार केला. उजाडल्यावर दिसलं की ते कोळी होते आणि त्यांची मुलंबाळं होती. वरिष्ठांनी काळजी करू नका, आम्ही पाहून घेतो असं सांगितलं, आणि ही कारवाई यशस्वी ठरवून तिचा गौरव झाला. त्या सैनिकाच्या मनात रुतून बसलं होतं ते दोन्ही एकत्र, आपल्या हातून मेलेली मुलं आणि त्याबद्दल मिळालेली शाबासकी.

शे यांनी 1994 मध्ये ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहून या सगळ्यामागचा सांगाडा उलगडून दाखवला. ज्याच्या हाती रीतसर अधिकार आहे त्यानं, जिथे जिवाशी गाठ आहे अशा प्रसंगी, जे योग्य त्याच्याशी दगा केला की ही इजा होते. पुढे 2009 मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना रुंद केली. स्वतः केलेलं कृत्य, न थांबवलेलं कृत्य, डोळ्यांदेखत घडलेलं कृत्य, यातलं काहीही माणसाला आतून मोडू शकतं, असं त्यांनी मांडलं. शे वरच्याकडे बोट दाखवतात, लिट्झ स्वतःच्या हाताकडे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि ती गुंतागुंतच माणसाला छळते. दोष पूर्ण वरच्याचा असता तर नुसता राग आला असता. पूर्ण आपला असता तर शिक्षा भोगून मोकळं होता आलं असतं.

चिठ्ठी लिहिणारा हात

रुग्णालयात हे रूप बदलून येतं. तिथे कोणी मारायला सांगत नाही. अँड्र्यू जेमटन या अमेरिकी नीतिअभ्यासकानं 1984 मध्ये परिचारिकांच्या कामाबद्दल लिहिताना ते टिपलं होतं. योग्य काय ते नर्सला ठाऊक असतं, पण संस्थेची घडीच अशी असते की ते करणं जवळजवळ अशक्य होतं.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना हे 2021 च्या एप्रिल-मेमध्ये अनुभवावं लागलं. खाटांची आणि ऑक्सिजनची टंचाई सगळ्यांना आठवते. रेमडेसिविरच्या चिठ्ठीची गोष्ट त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. या औषधानं मृत्यू टळतात असा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेनं घेतलेल्या मोठ्या चाचणीत मिळाला नव्हता, आणि दाखल झालेल्या रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला तिनं नोव्हेंबर 2020 मध्ये दिला होता. भारतातल्या मार्गदर्शक सूचनांत ते ठरावीक रुग्णांपुरतं, मर्यादित वापरासाठी उरलं होतं. पण नातेवाइकांना इंजेक्शन म्हणजेच जीव वाटत होता. चिठ्ठी लिहिली तर ते काळ्या बाजारात दामदुपटीनं औषध शोधत रात्रभर फिरणार, दागिने मोडणार. नाही लिहिली आणि रुग्ण दगावला, तर ‘डॉक्टरनं इंजेक्शनच दिलं नाही’ हे आयुष्यभर त्या घरात राहणार. अनेकांनी चिठ्ठी लिहिली. लिहिताना त्यांना पुरावा ठाऊक होता, आणि समोरच्या माणसाच्या मुठीतली नोटांची पुरचुंडीही दिसत होती.

अशा डॉक्टरला ‘बर्नआउट झालाय, जरा सुट्टी घे’ असं सांगणं हे चुकीच्या दुखण्यावर औषध देणं आहे. बर्नआउट म्हणजे कामाच्या ओझ्यानं झालेली झीज. ओझं कमी केलं की ती भरते. वेंडी डीन आणि सायमन टॅलबट या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 2018 मध्ये हेच ठासून सांगितलं. आपल्या व्यवसायबंधूंची ताकद कमी पडत नाही, तर रुग्णाला जे हवं ते देता येत नाही आणि ते रोज पाहावं लागतं, हे त्यांचं दुखणं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

26 पंधरवड्यांचा हिशेब

आता कारकुनाकडे येऊ. कारकुनाच्या कामात रक्त नसतं, ओरडा नसतो. म्हणून तिथे इजा होऊ शकते हेच लोकांना पटत नाही. ऑस्ट्रेलियातलं ‘रोबोडेट’ प्रकरण या बाबतीत फार शिकवणारं आहे, कारण त्यातली चूक एका साध्या भागाकारात दाखवता येते.

ऑस्ट्रेलियात बेरोजगार आणि गरजू विद्यार्थी यांना सेंट्रलिंक ही सरकारी यंत्रणा दर पंधरवड्याला भत्ता देते. त्या पंधरवड्यात काही कमाई झाली असेल तर ती कळवायची, त्याप्रमाणे भत्ता कमी होतो. वर्षाचे पंधरवडे 26. आयकर खात्याकडे मात्र त्या माणसाची कमाई वर्षाची म्हणून नोंदलेली असते. दोन्ही नोंदींत फरक दिसला तर पूर्वी कर्मचारी तपास करत. मालकाकडून पगारपत्रकं मागवून, कोणत्या पंधरवड्यात किती मिळाले ते एकेक लावून पाहत. काम वेळखाऊ होतं, पण हिशेब खरा निघायचा.

2015 च्या सुमारास सुरू झालेल्या नव्या पद्धतीत मालकाकडे विचारणा करण्याचं काम यंत्रणेनं आपल्या अंगावरून काढलं. फरकाचा खुलासा आता त्या माणसानंच करायचा, कित्येकदा वर्षांपूर्वीची पगारपत्रकं शोधून. खुलासा आला नाही तर वर्षाच्या कमाईला 26 नं भागायचं आणि येणारी रक्कम प्रत्येक पंधरवड्याची कमाई धरायची.

आकडे सोपे घेऊन पाहू. समजा, एक तरुण वर्षाचे पहिले 13 पंधरवडे बेकार होता. त्याला दर वेळी 500 डॉलर भत्ता मिळाला आणि त्यानं कमाई शून्य कळवली, जे खरंच होतं. नंतर नोकरी लागली. उरलेले 13 पंधरवडे त्यानं प्रत्येकी 2,000 डॉलर कमावले आणि भत्ता घेतला नाही. वर्षाची कमाई झाली 26,000. तिला 26 नं भागलं की येतात 1,000. आता यंत्र म्हणतं, या माणसानं पहिल्या 13 पंधरवड्यांतही दर वेळी 1,000 कमावले आणि ते लपवले. इतकी कमाई असताना भत्ता मिळायलाच नको होता, असं धरलं तर त्यानं 6,500 डॉलर परत करायचे. यावर 10 टक्के दंड लागू शकत असे, म्हणजे आणखी 650. हक्कानं घेतलेल्या पैशांपायी 7,150 डॉलरचं कर्ज त्याच्या डोक्यावर बसलं.

हा हिशेब चूक आहे हे ओळखायला गणितज्ञ लागत नाही. वर्षानुवर्षं पगारपत्रकं तपासलेल्या कर्मचाऱ्याला ते पहिल्या दिवशी कळलं असणार. आणि फोनवर रडणाऱ्या, हादरलेल्या माणसाला तोंड द्यायची वेळही अशाच कर्मचाऱ्यांवर होती.

त्यांच्यातल्या कॉलीन टेलर या तपासणी अधिकाऱ्याची गोष्ट तिथल्या शाही आयोगापुढच्या साक्षीतून जाहीर झाली. नव्या पद्धतीत काय चुकतं आहे ते त्यांनी खात्यातल्या खात्यात मांडलं. 2017 मध्ये त्यांनी थेट खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना सविस्तर लिहिलं. आपण लोकांचे पैसे चोरतो आहोत, अशीच त्यांची भावना होती. योजना तरीही चालू राहिली. सरासरीवर कर्ज ठरवणं 2019 च्या नोव्हेंबरमध्ये थांबलं. मे 2020 मध्ये सरकारनं सुमारे 4,70,000 कर्जांचे मिळून 72 कोटी 10 लाख डॉलर परत करण्याचं जाहीर केलं. न्यायमूर्ती कॅथरिन होम्स यांच्या आयोगाचा अहवाल जुलै 2023 मध्ये आला आणि त्यात टेलर यांच्या प्रयत्नांची नोंद झाली. त्यांनी लिहिलं तेव्हापासून अहवाल येईपर्यंत सहा वर्षं गेली होती.

मनाला तीनच वाटा

आता या इजेची यंत्रणा सांगता येईल. ‘मी कसा माणूस आहे’ याबद्दल प्रत्येकाच्या मनात एक ठाम समजूत असते. मी कोणाला फसवत नाही. माझ्या दारात आलेल्याला मी मदत करतो. कृती या समजुतीच्या उलट झाली की मन अस्वस्थ होतं, आणि त्या अस्वस्थतेतून सुटायच्या वाटा मोजक्याच असतात.

पहिली वाट म्हणजे कृती बदलणं. ती बहुधा बंद असते. नोकरी आहे, घराचा हप्ता आहे, आणि आपण सोडून गेलो तरी खुर्चीत दुसरा बसणारच आहे. दुसरी वाट म्हणजे समोरच्याबद्दलचं मत बदलणं. ‘हे लोक असतातच लबाड’ असं एकदा मनाशी ठरवलं की हात थरथरत नाही. सरकारी खिडकीपलीकडच्या कोरड्या, तुसड्या माणसावर आपण सगळेच चिडतो. त्यांतले काही जण सुरुवातीला तसे नव्हते. दुखणं सहन होईना तेव्हा त्यांनी ही वाट धरली. तिसरी वाट स्वतःकडे वळते: मी समजत होतो तसा माणूस मी नाहीच.

या तिसऱ्या वाटेवर एक टप्पा निर्णायक असतो. ‘मी वाईट केलं’ ही अपराधाची भावना आहे. ती टोचते, पण काहीतरी करायलाही लावते. माफी मागता येते, भरपाई करता येते. ‘मी वाईट आहे’ ही शरम. तिला करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून ती माणसाला लपायला लावते. तो जवळच्यांपासून तुटतो, आनंदाचे प्रसंग टाळतो, चांगलं काही मिळण्याची आपली लायकी नाही असं त्याला वाटू लागतं. दारू वाढते. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात.

आणि हे एका मोठ्या प्रसंगातूनच व्हावं लागतं असं नाही. एलिझाबेथ एपस्टीन आणि ॲन हॅमरिक यांनी 2009 मध्ये परिचारिका आणि डॉक्टरांच्या बाबतीत दाखवून दिलं की प्रसंग संपला तरी त्याचा अवशेष मनात उरतो. ज्यांच्याकडे खाऱ्या विहिरीचं पाणी तापवतात त्यांनी हंड्याच्या आत साचणारं क्षाराचं पांढरं पुट पाहिलं असेल. पाणी रोज ओतून दिलं जातं, पुट तळाशी राहतं आणि दर वेळी पातळशी भर पडते. नैतिक अवशेष असाच थर धरतो. त्यामुळे दहा वर्षं नोकरी झालेली एखादी नर्स अगदी लहानशा प्रसंगाला कोलमडते, आणि ‘एवढ्याशा गोष्टीला काय झालं?’ असं सगळे विचारतात. ती त्या एका गोष्टीनं कोलमडलेली नसते.

> चौकट: कशावरून ओळखावं?
>
> थकव्यात माणूस म्हणतो, ‘माझ्यानं होत नाही.’ भीतीत म्हणतो, ‘परत तसं होईल.’ नैतिक इजेत वाक्य असतं, ‘मी ते करायला नको होतं’ किंवा ‘त्यांनी आम्हाला ते करायला लावायला नको होतं.’ मनात परतपरत येणाऱ्या प्रसंगात धोका स्वतःला होता की दुसऱ्याला, हेही पाहावं.
>
> नैतिक इजा हा स्वतंत्र आजार मानलेला नाही. ती एकटी असू शकते, किंवा नैराश्य आणि पीटीएसडी यांच्यासोबत येते. त्यांचे उपचार वेगळे आहेत, म्हणून झोप, भूक किंवा काम बराच काळ बिघडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जीव देण्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

‘तुझी काही चूक नाही’

अशा माणसाला आपण प्रेमानं पहिलं काय सांगतो? ‘तुझी काही चूक नाही, तू तुझं कर्तव्य केलंस.’ याचा उपयोग का होत नाही ते महाभारतात आलेलं आहे. युद्ध जिंकल्यावर शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिराला राज्य नको आहे, त्याला वनात जायचं आहे. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, कृष्ण समजावतो. क्षत्रियाचा धर्मच तो, काळानंच सगळ्यांना मारलं, तू निमित्त. एकही युक्तिवाद त्याच्या मनात उतरत नाही. कारण ही सगळी मंडळी त्याची व्यथा खोटी ठरवत आहेत, आणि त्याला ती खरी असल्याचं ठाऊक आहे. व्यास त्याच्यापुढे प्रायश्चित्त ठेवतात आणि अश्वमेध करायला सांगतात, तेव्हा त्यात निदान हे मान्य केलेलं असतं की फेडण्यासारखं काहीतरी आहे.

लिट्झ यांच्या गटानं सैनिकांसाठी जो उपचार बसवला त्याची दिशाही अशीच आहे. घडलेलं सगळं टाळाटाळ न करता बोलायचं. मग डोळे मिटून अशा एका व्यक्तीशी मनातल्या मनात संवाद करायचा, जिच्या न्यायबुद्धीवर आपला विश्वास आहे आणि जिचं आपल्यावर प्रेम आहे. आजोबा असतील, शाळेतले सर असतील, जुना सुभेदार असेल. त्यांना सगळं सांगायचं, आणि ते काय म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत मोठ्यानं बोलायचं. स्वतःला एकही सवलत न देणारा माणूस आजोबांच्या तोंडून बोलायला लागला की अनेकदा निकाल बदलतो. आजोबा दोष नाकारत नाहीत, पण एका रात्रीवरून अख्खा माणूस रद्दही करत नाहीत.

दुसरं एक साधन कागदावर चालतं. घटनेची शंभर टक्के जबाबदारी कोणाकोणाची, ती वाटून लिहायची. आधी इतरांची लिहायची, शेवटी आपली. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरनं असं केलं तर औषधाची टंचाई, काळा बाजार, अफवा, रुग्णालयाचा दबाव यांचे वाटे आधी पडतात. आपला वाटा शून्य येत नाही आणि शंभरही येत नाही. तो पंधरा आला, तर पंधरा टक्क्यांचं काय करायचं हा प्रश्न हाताळता येतो.

या उपायांची मर्यादाही सांगायला हवी. युद्ध संपलेलं असतं तेव्हा ते लागू पडतात. कारकुनाचं युद्ध सोमवारी सकाळी पुन्हा सुरू होतं. ज्या नियमानं इजा केली तोच नियम टेबलावर असताना समुपदेशनाच्या तासाला फार थोडं करता येतं. आणि कर्मचाऱ्यांसाठी योगवर्ग लावणारी कार्यालयं नियमाला हात लावत नाहीत, तेव्हा दोष पुन्हा त्या माणसाच्याच पदरात पडतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

नियम बदलणं हाही उपचार आहे, आणि तो कसा दिसतो याचं एक उदाहरण आहे. कोविडच्या काळात अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी टंचाईसाठी जी नियमावली तयार ठेवली, तिच्यात व्हेंटिलेटर कोणाला द्यायचा हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून काढून घेतला होता. तो वेगळ्या अधिकाऱ्यानं किंवा पथकानं, आधी लिहून ठेवलेल्या कसोट्यांवर घ्यायचा होता. खाटेशेजारच्या डॉक्टरनं शेवटपर्यंत आपल्या रुग्णाच्याच बाजूनं भांडायचं. निर्णय त्यामुळे सोपा झाला नसता, पण एकाच हातानं रुग्णाचा हात धरायचा आणि त्याच हातानं त्याचं नाव खोडायचं, ही वेळ त्या डॉक्टरवर आली नसती.

कार्यालयात याची बरोबरी करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. फायलीतला पुरावा हिशेबाच्या विरुद्ध दिसला तर वसुली तिथेच रोखण्याचा अधिकार त्या टेबलावरच्या माणसाला हवा. त्याची लेखी हरकत फायलीला कायमची जोडलेली राहिली पाहिजे. तिला ठरलेल्या मुदतीत, नावानिशी सही केलेलं उत्तर मिळालं पाहिजे. अंगठा जुळला नाही तर नोंद करून धान्य देता येईल असा रस्ता रेशनच्या खिडकीवर खरोखर उघडा असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल दुकानदाराला नोटीस येता कामा नये.